अंथरुणावरच्या पेशंटचं तोंड : बोळा, बाटली आणि परत ब्रश

पेशंटला घरी सोडताना औषधांच्या पिशवीत बऱ्याचदा माउथवॉशची एक बाटली असते आणि कागदावर ‘माउथ केअर दिवसातून दोनदा’ एवढंच लिहिलेलं असतं. मग घरचे काय करतात तर कापसाचा बोळा त्यात बुडवतात, ओठांवरून जिभेवरून फिरवतात आणि झालं. त्यांचं चुकतं असं तरी कसं म्हणणार, शिकवलंच तसं गेलंय.

जुन्या नर्सिंगमध्ये तोंडाचं काम म्हणजे मुख्यतः ओलावा आणि वास. चिमट्याला बोळा, त्याला बोरो-ग्लिसरीन, नंतरच्या काळात लिंबू-ग्लिसरीनच्या तयार काड्या. लिंबाने पहिले काही दिवस लाळ सुटते म्हणून सगळ्यांना बरं वाटायचं, पण आम्लाने दातांचं वरचं कवच झिजतं, ग्लिसरीन आतलंच पाणी ओढून घेतं आणि तोंड आधीपेक्षा कोरडं पडतं. हे कळूनसुद्धा त्या काड्या बरीच वर्षं वापरात राहिल्या. पुढे फोमच्या काड्या आल्या. त्यांचं डोकं सुटून घशात अडकू शकतं म्हणून ब्रिटनमध्ये २०१२ साली धोक्याची सूचना निघाली, आणि तसंही ओलं करायला त्या ठीक असल्या तरी दातावरचा थर त्यांनी निघत नाही.

थर निघणं का महत्त्वाचं, ते कळायला १९९० नंतरचा काळ उजाडला. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत आपल्या सगळ्यांच्याच जाते, पण ज्याचा खोकला दुबळा आणि तोंडात जंतूंचा थर, त्याला त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमध्ये वृद्धाश्रमांतल्या लोकांवर दोन वर्षं अभ्यास झाला. एका गटाला सांभाळणारे लोक प्रत्येक जेवणानंतर ब्रश करून द्यायचे आणि आठवड्याला दातांचं माणूस येऊन बघायचं, दुसरा गट नेहमीसारखाच. न्यूमोनिया पहिल्या गटात ११ टक्क्यांना, दुसऱ्यात १९ टक्क्यांना. हे १९९९ ते २००२ मध्ये छापून आलं, म्हणजे उत्तर तेव्हाच समोर होतं. साधा ब्रश.

पण नेमकं त्याच सुमाराला दुसरीकडे बाटलीची चलती सुरू झाली, आणि खरा गुंता इथेच आहे. १९९६ मध्ये हृदयाच्या ऑपरेशनच्या पेशंटवर एक अभ्यास झाला, ऑपरेशनच्या आधीपासून क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक माउथवॉशने तोंड साफ केलं तर नंतरचे छातीचे इन्फेक्शन कमी होतात असा. हे पेशंट ऑपरेशन ठरवून झालेले, व्हेंटिलेटरवरून लवकर सुटणारे. पण निष्कर्ष हळूहळू सगळ्या आयसीयूला लागू झाला आणि २०१० च्या आसपास व्हेंटिलेटरच्या पेशंटसाठी रोज करायच्या कामांच्या यादीत क्लोरहेक्सिडीन अधिकृतपणे जाऊन बसलं. यादीत टिक करायला बाटली फार सोयीची, ब्रश केला की नाही हे कोण बघतंय. आणि आयसीयूमधून ती सवय वॉर्डात आली, वॉर्डातून घरच्या खाटेपर्यंत, जिथे व्हेंटिलेटरच नाही.

२०१४ मध्ये आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर वेगळंच दिसलं. हृदयाच्या ऑपरेशनवाले बाजूला काढले तर न्यूमोनियात ठोस फायदा उरत नव्हता, उलट मृत्यूचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसत होतं. का वाढावं यावर भांडण आहे, एक शंका अशी की ते औषधच थोडंथोडं फुप्फुसात जात असावं. २०२१ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात काही आयसीयूंमध्ये क्लोरहेक्सिडीन बंद करून पाहिलं तर मृत्यू कमी झाले नाहीत आणि वाढलेही नाहीत. म्हणजे विष म्हणून बोंब मारायचं कारण नव्हतं आणि रोज वापरायचं तर त्याहून नव्हतं. २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शनात मग सरळ लिहिलं गेलं की व्हेंटिलेटरच्या पेशंटला ब्रश करा, क्लोरहेक्सिडीनशिवाय. माझं मत विचाराल तर हे यायला पंधरा-वीस वर्षं उशीर झाला. दातांच्या डॉक्टरने हिरड्यांसाठी ठरावीक दिवस दिलं असेल तर ती गोष्ट वेगळी. तेव्हासुद्धा पेस्टनंतर लगेच वापरलं तर पेस्टमधल्या फेसाच्या पदार्थाने त्याचा असर मारला जातो, अर्धा तास मध्ये सोडावा लागतो, आणि दात तपकिरी पडतात ते वेगळंच.

कोरडेपणाचं एक उदाहरण सांगते, आमच्या आजीचं. स्ट्रोकनंतर ती तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायची आणि टाळ्याला तपकिरी चामड्यासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. आम्हाला वाटलं कातडीच आहे. ती होती वाळलेली लाळ, कफ आणि मेलेल्या पेशी, रोज एक थर चढत गेलेला. बोळा त्याच्यावरून नुसता घसरायचा. ओढून काढलं असतं तर खालून रक्त आलं असतं, आणि तुकडा सुटून मागे गेला असता तर श्वासनलिकेत. नर्सने दाखवलं ते असं : डोकं उंच करून एका कुशीला, गालाखाली टॉवेल. पाण्यात विरघळणारं तोंडाचं जेल बोटाने पातळ लावायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. मग लहान डोक्याचा मऊ ब्रश ओला करून पाणी झटकून, मागून पुढे अलगद, सुटलेला भाग बोटाला गुंडाळलेल्या गॉजने लगेच बाहेर. एका दिवसात सगळं काढायचा हट्ट नाही, आम्हाला चार दिवस लागले. दात असतील तिथे न फेसाळणारी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, आणि बोट दातांच्या मधे कधीच घालायचं नाही, गालाच्या बाजूनेच, कारण पेशंट दचकून कडकडून चावतो. शेवटी गाल आणि हिरडीमधली खाच बघायची, लुळ्या बाजूला सकाळची गोळी तिथे तशीच सापडते.

जेल पातळच लावायचं, कारण जाड लावलं की तेच वाळून नवी खपली होते. आणि कोरडेपणा नुसता पाण्याने जात नाही, झोपेच्या, लघवीच्या, ॲलर्जीच्या कितीतरी गोळ्या लाळ कमी करतात, तर गोळ्यांची यादी एकदा डॉक्टरला दाखवावी.

कवळीकडे लक्ष सगळ्यात उशिरा गेलं. १९३० च्या दशकाअखेरपासून कवळ्या ॲक्रिलिकच्या व्हायला लागल्या, त्याआधी कडक रबराच्या. ॲक्रिलिकला बारीक छिद्रं असतात, त्यात बुरशी मुरते. २०१५ मध्ये ८५ च्या पुढच्या लोकांचा जपानी अभ्यास आला, कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त. म्हणून रात्री ती काढायचीच. बेसिनमध्ये पाणी भरून त्यावर धुवायची म्हणजे पडली तरी फुटत नाही, साबण आणि वेगळा ब्रश, पेस्ट नको कारण तिने ओरखडे पडतात, उकळतं पाणी नको कारण आकार वाकतो. मग पाण्यात बुडवून ठेवायची, वाळली तरी आकार बिघडतो. आजीच्या टाळ्याला लाल भाग होता, कडा अगदी कवळीच्या आकाराच्या, जणू पेन्सिलने आखल्यासारख्या. ती बुरशी होती. औषध तोंडाला दिलं आणि कवळी तशीच राहिली, तर तीन आठवड्यांत पुन्हा लाल. दुसऱ्या वेळी दोन्हींवर उपचार केले तेव्हा गेलं.