योनिस्राव : तीन संसर्गांतील फरक

मराठवाड्यात बायका याला ‘अंगावरून पांढरं जाणं’ म्हणतात. पाळीच्या मधल्या दिवसांत येणारा, वास किंवा खाज नसलेला स्राव स्वाभाविक असतो. वास, खाज, आग असेल किंवा रंग बदलला असेल तर कारण बहुधा तिघांपैकी एक असते: बॅक्टेरियल व्हजायनोसिस, कॅन्डिडा बुरशी किंवा ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी.

निव्वळ रंगावरून केलेले निदान वरचेवर चुकते. पीएच कागदाने मात्र बरेच कळते. नमुना योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यायचा, कारण गर्भाशयमुखाचा चिकट स्राव, रक्त किंवा वीर्य मिसळले तर आकडा फसवा वाढतो. कॅन्डिडात पीएच बहुधा 4.5 पर्यंतच राहतो. स्राव दह्याच्या कवडीसारखा, वास नाही, पण खाज जबर. उरलेल्या दोन्हींत पीएच 4.5 च्या वर जातो. व्हजायनोसिसमध्ये राखाडी, एकसारखा पातळ स्राव येतो आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच माशांसारखा वास सुटतो. सूज किंवा लाली जवळपास नसते. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी कडा झाकलेल्या ‘क्लू’ पेशी दिसतात.

समजा, बीडच्या ऊसतोडीवरून परतलेल्या बाईला पिवळसर, फेसाळ स्राव आणि आग आहे. बुरशी समजून दोनदा फ्लुकोनॅझोल दिले, उतार पडला नाही. पीएच 5.5 निघतो. सलाइनमधला नमुना लगेच पाहिला तर वळवळणारे ट्रायकोमोनास सापडतात. नमुना पडून राहिला तर ते थांबतात आणि तपासणी खोटी ‘नाही’ म्हणते. ताज्या नमुन्यातही काही रुग्णांत ते निसटतात. उपचार मेट्रोनिडॅझोल 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 7 दिवस. नवऱ्यालाही त्याच वेळी औषध द्यावे लागते, नाहीतर संसर्ग परत येतो.

व्हजायनोसिसलाही मेट्रोनिडॅझोलचा हाच क्रम चालतो. कॅन्डिडाला फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो; गरोदरपणात मात्र तोंडी गोळीऐवजी क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी 7 दिवस वापरतात. वारंवार होत असेल तर साखर तपासावी.

सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये सूक्ष्मदर्शक नसला तरी हिरवे किट मिळते: सेक्निडॅझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम. त्यात तिन्ही आजार झाकले जातात, पण नेमके निदान कळत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये राज्य सरकारने समिती नेमली होती. पांढरं जातंय म्हणून पिशवी काढण्याला वैद्यकीय आधार नाही: हे तिन्ही संसर्ग योनीत असतात आणि पिशवी काढल्यावरही योनी राहतेच. ताप, ओटीपोटात दुखणे, रक्तमिश्रित स्राव किंवा पाळी गेल्यानंतरचा स्राव असेल, तर या तिघांपुरते न थांबता ओटीपोटाचा संसर्ग आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासावा लागतो.