१६:१० आणि १६:९ स्क्रीन

संगणकाच्या स्क्रीनच्या रुंदी-उंचीची ही दोन प्रचलित प्रमाणे. रुंदी तितकीच ठेवली तर १६:१० स्क्रीन १६:९ पेक्षा सुमारे ११ टक्के उंच असते. उदाहरणार्थ, १९२०×१०८० ही १६:९ आणि १९२०×१२०० ही १६:१०. जाहिरातीत प्रमाण लिहिलेले नसेल तर रुंदीच्या आकड्याला उंचीच्या आकड्याने भागावे. उत्तर १.६ आले तर स्क्रीन उंच, १.७८ आले तर रुंद.

२००५ च्या आसपास रुंद लॅपटॉप आले ते बहुतेक १६:१० होते, १२८०×८०० चे. पुढे टीव्ही १६:९ वर स्थिरावले. काचेच्या मोठ्या तावातून त्या आकाराचे पॅनेल कापणे कारखान्यांना किफायतशीर पडू लागले आणि २०१० च्या सुमारास बहुतेक लॅपटॉप १६:९ झाले. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी हे मागितले नव्हते. ॲपलने मॅकबुक प्रोमध्ये १६:१० कायम ठेवले. विंडोज लॅपटॉपमध्ये ते २०२० पासून ठळकपणे परतले. त्या वर्षीचा डेल एक्सपीएस १३ आणि २०२१ चा थिंकपॅड एक्स१ कार्बन ही त्याची ठळक उदाहरणे.

फरक कळण्यासाठी पूर्ण स्क्रीन मोजून भागत नाही. टास्कबार, मेन्यू आणि पट्ट्या वजा जाता हाती काय राहते ते पाहावे लागते. १४ इंची लॅपटॉपवर विंडोजचे स्केलिंग, म्हणजे अक्षरे-चित्रे मोठी दाखवण्याची टक्केवारी, १५० ठेवले, तर १९२०×१०८० ची स्क्रीन कामापुरती १२८०×७२० एवढीच उरते आणि १९२०×१२०० ची १२८०×८००. विंडोज ११ चा टास्कबार त्यातले ४८ पिक्सेल घेतो. एक्सेलचा रिबन, फॉर्म्युला बार, कॉलमची अक्षरे, खालचे शीट टॅब आणि स्टेटस बार मिळून आणखी अडीचशेच्या आसपास जातात. उरले सुमारे ४२० आणि ५००. एक्सेलचा नेहमीचा रो २० पिक्सेलचा, म्हणजे एकीकडे २१ रो दिसतात आणि दुसरीकडे २५. पट्ट्या दोन्हीकडे तेवढ्याच उंचीच्या असल्याने कागदावरचे ११ टक्के प्रत्यक्षात १९ टक्के होतात. वरचे मथळ्याचे दोन-तीन रो फ्रीझ केले असतील तर टक्केवारी आणखी वाढते. कॉलम मात्र दोन्हीकडे सारखेच दिसतात. बारा महिन्यांचे आडवे पत्रक पाहणाऱ्याला १६:१० ने काहीच वाढवून मिळत नाही.

१६:९ वाल्याने लगेच नवा लॅपटॉप घ्यायला धावू नये. Ctrl+F1 दाबून रिबन मिटवला की चारेक रो तिथेच सुटतात. विंडोज १० मध्ये टास्कबार डाव्या कडेला उभा लावता येत असे, आणि रुंद स्क्रीनवर तीच त्याची योग्य जागा होती. विंडोज ११ आली तेव्हा ही सोय काढून टाकली होती.

कोडिंगमध्येही हेच गणित लागू पडते. कोडच्या ओळी आखूड असतात. पायथॉनच्या पेप ८ या लेखनसंकेतात तर मर्यादा ७९ अक्षरांची आहे. त्यामुळे एकच फाइल उघडली की उजवीकडची जागा रिकामी पडून राहते आणि फंक्शनचा शेवट पाहायला स्क्रोल करावे लागते. खाली टर्मिनल उघडले की उंचीची टंचाई खरी जाणवते: बारा-पंधरा ओळीच उरल्या असतील तर १६:१० च्या जादा चार ओळी मोलाच्या ठरतात. दोन फाइली शेजारी-शेजारी लावून काम करणाऱ्याला रुंदी उपयोगी पडते, पण ती १९२० पिक्सेल दोन्हीकडे आहेच.

वाचनाचा फरक २४ इंची मॉनिटरवर पट्टी लावून मोजता येतो. १६:९ मॉनिटरची उंची २९.९ सेंटीमीटर आणि ए४ कागदाची २९.७. कागद जेमतेम मावतो, पण टास्कबार आणि पीडीएफची पट्टी आली की पान लहान करावे लागते किंवा तळ कापला जातो. १६:१० मॉनिटर ३२.३ सेंटीमीटर उंच असतो. पान खऱ्या आकारात ठेवूनही पट्ट्यांना अडीच सेंटीमीटर उरतात. दोन पाने शेजारी ठेवायला ४२ सेंटीमीटर लागतात, तेवढी रुंदी दोन्हींत आहे. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार येत असल्याने ओळींत अंतर जास्त लागते, त्यामुळे मराठी मजकुराला उंचीची गरज इंग्रजीपेक्षा थोडी अधिकच.

स्क्रीनचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, म्हणून इंच सारखे असले तरी रुंदी सारखी नसते, हे खरेदीत निसटते. १४ इंची १६:९ स्क्रीन ३१ सेंटीमीटर रुंद, तर १६:१० साधारण ३०.२. तेवढेच १९२० पिक्सेल कमी जागेत बसल्याने अक्षर पावणेतीन टक्के बारीक होते. ते खुपून स्केलिंग १७५ टक्के केले तर वाढलेली उंची सगळी त्यातच जाते. १६:९ मध्ये बनलेल्या व्हिडिओंना वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, १२०० पिक्सेलच्या स्क्रीनवर प्रत्येकी ६० पिक्सेलच्या.

टेबलावरच्या मॉनिटरला हा वाद फारसा लागू नाही. २७ इंची, २५६०×१४४० चा १६:९ मॉनिटर ३३.६ सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे २४ इंची १६:१० पेक्षा उंचही आणि रुंदही. शिवाय १६:१० मॉनिटर बाजारात कमी. लॅपटॉपचा आकार मात्र पिशवी आणि मांडी ठरवतात, आणि तिथे १६:१० घ्यावा.