रस्त्याकडेची फळझाडं: पान, शेंग आणि कच्च्या फळाच्या फोटोवरून ओळख (मराठवाडा)

मराठवाड्यात रस्त्याच्या कडेनं, बांधावर आणि गावठाणाच्या तोंडाशी जी जुनी फळझाडं दिसतात त्यात चिंच पहिली, आणि ओढ्या-नाल्याच्या किंवा कालव्याच्या जवळ असेल तर जांभूळ. झाड समोर असलं की ती सगळ्यांना ओळखू येतात. पण हातात नुसता फोटो असेल, त्यातही एखादं पान नाहीतर एखादी हिरवी शेंग, तर गडबड होते, कारण तशाच पानाची आणि तशाच फळाची चार-पाच झाडं त्याच रस्त्यावर लावलेली असतात. या नोंदीत मुख्यतः ही दोनच झाडं आणि त्यांचे तोतये घेतलेत.

चिंच, शास्त्रीय नाव टॅमॅरिंडस इंडिका, लिनियसनं १७५३ मध्ये दिलेलं. या वंशात ही एकच जात आहे. मूळ कुठलं यावर बरीच चर्चा झालेली आहे. नावातच इंडिका असल्यामुळे आणि देशभर सगळीकडे सापडत असल्यामुळे जुन्या लिखाणात ती इथलीच धरली जायची. नंतरचे बहुतेक अभ्यासक उष्णकटिबंधीय आफ्रिका धरतात, कारण तिथल्या कोरड्या गवताळ रानात ती माणसानं न लावता वाढते आणि तिच्या जवळच्या नात्यातले बरेच वंशही तिकडचेच आहेत. उलट बाजूनं उत्तर प्रदेशातल्या नरहन इथल्या उत्खननात चिंचेच्या लाकडाचा कोळसा मिळालाय, त्याचा काळ इ.स.पू. १३०० च्या आसपास सांगतात. एवढ्यावरून ती इथली मूळची ठरत नाही, पण कुणीतरी मध्ययुगात व्यापारातून आणली ही समजूत मात्र टिकत नाही. आफ्रिकेतून फार लवकर आली आणि इथं पूर्ण रुळली, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. मराठवाड्याच्या वनस्पतींची जुनी नोंद त्या मानानं कमी आहे, कारण थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ मधला मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ इलाख्यापुरता आणि आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. लागवडीच्या बाजूनं सांगायचं तर छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रातून चिंचेची 'प्रतिष्ठान' ही जात निघाली, रस्त्याकडेची जुनी झाडं मात्र चिंचोक्यापासून उगवलेली, म्हणून एका झाडाचा आकडा म्हणजे शेंग बोटभर सरळ तर शेजारच्याचा जाड आणि विळ्यासारखा वाकडा असू शकतो.

आता पान. चिंचेचं पान म्हणून आपण जी बारीक टिकली दाखवतो ते पान नसतं, ती पर्णिका असते. मधल्या एका दांडीवर समोरासमोर साधारण १० ते १८ जोड्या असतात, शेवटाला एकटी पर्णिका नसते, आणि ही सगळी दांडी मिळून एक पान. पर्णिका १ ते अडीच सेंटीमीटर लांब, टोक गोलसर बोथट, कधी टोकाला हलकीशी खाच, आणि बुडाशी दोन्ही बाजू सारख्या नसतात. हे पान एकदाच विभागलेलं असतं, हाच सगळ्यात कामाचा मुद्दा आहे. सुबाभूळ, गुलमोहर, शिरीष, पेल्टोफोरम, रेन ट्री या सगळ्यांचं पान दोनदा विभागलेलं असतं, म्हणजे मोठ्या दांडीला लहान दांड्या आणि त्यांना पर्णिका. त्यातली एक लहान दांडी तोडून तळहातावर ठेवून फोटो काढला की ती हुबेहूब चिंचेच्या पानासारखी दिसते, निदान सुबाभळीची तरी.

हे फोटोवरून ठरवायचं कसं तर कळी बघायची. पान जिथं फांदीला चिकटतं तिथं त्याच्या काखेत बारीक डोळा म्हणजे कळी असते, पर्णिकेच्या बुडाशी ती कधीच नसते. चिंचेची दांडी थेट खरबरीत फांदीला लागलेली आणि तिच्या काखेत डोळा दिसला तर ते अख्खं पान झालं. दांडी दुसऱ्या एका हिरव्या दांडीलाच लागलेली असेल, काखेत काही नसेल आणि समोर तशीच जोडीदार दांडी असेल तर ती चिंच नाही. म्हणून फोटोत पानाचं टोक नसलं तरी चालतं, सांधा पाहिजेच.

आवळ्याचं प्रकरण याच्या बरोबर उलट आहे. लांबून आवळ्याची डहाळी चिंचेच्या पानासारखीच दिसते, पण तिथली प्रत्येक बारीक टिकली हे स्वतंत्र पान असतं, आणि म्हणून फुलं आणि आवळे त्या टिकल्यांच्या काखेत, त्याच दांडीला लागतात. चिंचेच्या पानाच्या दांडीला फूल किंवा आकडा कधीही लागत नाही. फोटोत दांडीवर टिकल्यांच्या बुडाशी दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं की आवळा समजावा.

एक उदाहरण घेऊ. समजा औसा ते लातूर रस्त्याच्या कडेचा ऑगस्टमधला फोटो आहे, खाली लिहिलंय 'कोवळ्या चिंचा'. फोटोत तळहातावर एक दांडी, १४ जोड्या, आणि मागं धूसर हिरव्या शेंगांचा झुबका. महिना तर जुळतो, कारण चिंच मे ते जुलैच्या दरम्यान फुलते आणि ऑगस्ट-सप्टेंबरला कोवळे आकडे दिसायला लागतात. जोड्यांची संख्याही जुळते. पण पर्णिका मोठी करून पाहिली तर टोक बोथट नाही, टोकदार आहे. मग शेंगा बघायच्या, त्या पट्टीसारख्या सपाट आहेत, वीतभर लांब आहेत आणि एका गोळ्यातून दहा-बारा एकदम लोंबतायत. ऑगस्टमधली चिंच एवढी मोठी नसते, तिचे आकडे विरळ घोसात येतात, आणि कोवळेपणीसुद्धा त्यावर तपकिरी भुसभुशीत थर असतो जो नखानं खरवडला की खाली हिरवं निघतं. इथं शेंग गुळगुळीत हिरवीगार आहे. म्हणजे सुबाभूळ. खात्रीसाठी सांध्याचा फोटो मागवायचा, मोठ्या दांडीवर पहिल्या जोडीजवळ बारीक वाटीसारखी ग्रंथी दिसली की विषय संपला.

रेन ट्रीची शेंग मात्र फसवते, कारण ती जाड असते, पिकल्यावर काळपट होते आणि आत चिकट गोड गर असतो, गुरं आवडीनं खातात. फरक कडेत आहे. रेन ट्रीच्या शेंगेला दोन्ही बाजूंनी जाडसर किनार असते आणि ती बऱ्यापैकी सरळ राहते, चिंचेला किनार नसते, दोन चिंचोक्यांच्या मध्ये ती आत दबलेली असते. गाभुळलेल्या चिंचेचा, म्हणजे टरफल गरापासून सुटायला लागलेल्या चिंचेचा, आडवी तोडून काढलेला फोटो मिळाला तर दुसरं काही लागतच नाही. विलायती चिंचेला नाव चिंचेचं असलं तरी ती वेगळीच, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. तिच्या पानाला फक्त चार पर्णिका, बुडाशी काटे आणि शेंग जिलबीसारखी वळलेली.

संध्याकाळचे फोटो घेऊ नयेत. चिंचेच्या पर्णिका अंधार पडताना मिटतात, मग पान सुकल्यासारखं वाटतं आणि टोकाचा आकारही कळत नाही.

जांभूळ, सायझिजियम क्युमिनी. लिनियसनं १७५३ मध्ये मिर्टस वंशात घातलं होतं, पुढं युजेनिया वंशातही होतं म्हणून जुन्या पुस्तकात युजेनिया जांबोलाना सापडतं, आत्ताचं नाव स्कील्सनं १९१२ मध्ये केलं. पानं साधी, समोरासमोर, चकचकीत आणि चिवट. आंब्याचं पान फोटोत जवळपास तसंच दिसतं पण ते एकाआड एक, फांदीच्या टोकाशी गर्दी करून येतं. पान एकटंच तोडलेलं असेल तर ते उन्हासमोर धरून फोटो काढायला सांगावं. जांभळाच्या आडव्या शिरा फार बारीक, एकमेकींना खेटून असतात आणि पानाच्या कडेच्या थोडं आत एका अखंड रेषेला जाऊन मिळतात, शिवाय उजेडात तेलाचे बारीक ठिपके दिसतात. आंब्याच्या शिरा जाड आणि मोजता येतील अशा असतात, तिथं ही कडेची रेषा नसते. नीलगिरीला कडेची रेषा असते कारण ती याच कुळातली, पण तिचं पान लांब विळ्यासारखं आणि मोठ्या झाडावर एकाआड एक.

कच्च्या फळात खरी फसगत अशोकाची होते, म्हणजे शाळा-ऑफिसच्या कंपाऊंडला लावतात त्या उंच सरळ खोट्या अशोकाची. त्याची फळं हिरवी, लांबट, पिकली की जांभळी-काळी, आणि जून-जुलैत दोन्ही झाडांवर एकदमच दिसतात. इथं फळाचं टोक बघायचं. जांभळाच्या देठाच्या विरुद्ध टोकाला गोल कडं असतं, मध्ये खळगा. ते कडं म्हणजे फुलाच्या पाकळ्यांखालच्या वाटीचा उरलेला काठ. जांभळाच्या फुलात बीजकोश त्या वाटीच्या खाली असतो, म्हणून फळ वाढलं की काठ डोक्यावर राहतो. अशोकाच्या फुलात बीजकोश वर आणि सुटे सुटे असतात, म्हणून एकाच फुलातून बरीच फळं होतात, प्रत्येकाला स्वतःचा देठ आणि सगळे देठ एका गाठीतून छत्रीच्या काड्यांसारखे निघालेले. टोकाला कडं नाहीच. निंबोळीलाही हाच नियम लागू, तिचं टोक गुळगुळीत. कडं अगदी हिरव्या, वाटाण्याएवढ्या जांभळावरही दिसतं, त्यामुळं रंगावर जायची गरज नाही. घोस कुठून निघालाय तेही बघावं, जांभळाचे घोस बहुतेक वेळा पानांच्या मागं, जुन्या पानं झडलेल्या फांदीवर असतात.

कवठ आणि बेल यांचं थोडक्यात: कच्ची फळं दोन्हीची गोल आणि टणक, पण कवठाचं साल पांढुरकं खरबरीत आणि बेलाचं हिरवं गुळगुळीत, पान बेलाचं तीन दलांचं, कवठाचं पाच ते सात आणि मधल्या दांडीला बारीक पंख.

फोटोवरून जात ठरते, खाण्यालायक आहे की नाही ते वेगळं. रस्त्याच्या दुभाजकावर पिवळी कण्हेर सर्रास लावतात, तिचं हिरवं चौकोनी फळ पोरं कैरीसारखं हाताळतात, आणि त्याच्या बियांमध्ये हृदयावर परिणाम करणारं विष असतं. पान लांब अरुंद आणि तोडल्यावर पांढरा चीक निघतो, असा फोटो आला की उत्तर देताना आधी फळ टाकून हात धुवायला सांगावं, नाव नंतर. कुणी खाल्लंच असेल तर फोटोची वाट न बघता सरळ दवाखाना, आणि फळ सोबत न्यावं.