पानांच्या सांध्यावर चुकणारी बेरीज

बँकेचा तीन पानी खातेउतारा पीडीएफमध्ये आला, तो तसाच एक्सेलमध्ये ओतला आणि 'नावे' रकान्याची बेरीज मारली, तर ती बहुधा भलतीच मोठी येते. कारण जुनेच आहे. कागदी वहीत पान भरले की तळाशी 'पुढील पानावर' आणि नव्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' असे लिहून बेरीज पुढे नेतात. अनेक उताऱ्यांत हेच `C/F` आणि `B/F` अशा ओळींनी छापलेले असते. माणूस त्या ओळी वगळून वाचतो, संगणक त्यांनाही व्यवहार समजतो.

एक काल्पनिक उतारा घेऊ. सुरुवातीची शिल्लक 18,450 रुपये. पहिल्या पानावर नावे 6,300 आणि जमा 12,000, म्हणून शिल्लक 24,150. दुसऱ्या पानावर नावे 9,470, जमा 2,500, शिल्लक 17,180. तिसऱ्यावर नावे 1,180, जमा 5,000, अखेर शिल्लक 21,000. खरा खर्च 16,950 इतकाच. पण पुढे नेलेली बेरीज एकत्रित असते. पहिल्या पानाच्या तळाशी आणि दुसऱ्याच्या माथ्यावर 6,300 छापले जातात, दुसऱ्याच्या तळाशी आणि तिसऱ्याच्या माथ्यावर 15,770. या चार ओळी व्यवहारांत मिसळल्या की 44,140 रुपये वाढतात आणि रकाना 61,090 दाखवतो.

मग त्या ओळी उडवायच्या? हो, पण लगेच नाही. पानाचे व्यवहार नीट उचलले गेले की नाही हे सांगणारा बँकेनेच दिलेला पुरावा त्यांतच असतो. दुसऱ्या पानाच्या तळातून माथा वजा करा: 15,770 उणे 6,300 म्हणजे 9,470. त्या पानावरून तुम्ही उचललेल्या व्यवहारांची बेरीज एवढीच आली पाहिजे. हा ताळा झाल्यावरच त्या ओळी तक्त्यातून काढाव्यात.

शिल्लक रकान्यामुळे तपासणी ओळीपर्यंत नेता येते. D रकान्यात नावे, E मध्ये जमा आणि F मध्ये शिल्लक असेल, तर तिसऱ्या ओळीपासून पुढे हे सूत्र ओढा:

```
=ROUND(F2-D3+E3-F3,2)
```

प्रत्येक ओळीत शून्य यायला हवे. `ROUND` अशासाठी, की संगणकाच्या दशांश गणितात पैशांचा अगदी सूक्ष्म कचरा उरू शकतो. उतारा नवा व्यवहार वर ठेवून छापलेला असेल, तर आधी क्रम उलटा करून घ्यावा. नुसती तारखेनुसार क्रमवारी लावू नये, एकाच दिवसातल्या व्यवहारांचा क्रम त्यात बिघडू शकतो.

शून्य नसेल तर जो आकडा येतो तोच बरेच काही सांगून जातो. समजा दुसऱ्या पानावरचा पहिला व्यवहार 340 रुपयांचा होता आणि शीर्षक कापताना तोही कापला गेला. आता पहिली दिसणारी ओळ 500 रुपयांची आहे, शिल्लक 23,310. पण 24,150 मधून 500 गेले तर 23,650 उरायला हवेत. फरक बरोबर 340, म्हणजे हरवलेल्या ओळीची रक्कम. फरक त्याच ओळीतल्या रकमेच्या दुप्पट असेल, तर रक्कम नावेऐवजी जमा रकान्यात (किंवा उलट) पडली आहे. पीडीएफमध्ये बहुधा रकाने नसतातच, फक्त कुठले अक्षर पानावर कुठे आहे एवढेच नोंदलेले असते. त्यामुळे रकान्यांच्या सीमा पानागणिक थोड्या सरकल्या तरी हे घडते.

सांध्यावर आणखी एक फसगत होते. दुसऱ्या पानाच्या शेवटी चहावाल्याला 20 रुपये आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला त्याच तारखेला, त्याच नावाने पुन्हा 20 रुपये. ओळ दोनदा आली असे वाटून एक्सेलचे 'डुप्लिकेट काढा' बटण दाबायचा मोह होतो. आधी शिल्लक पाहा. एकीकडे 17,180 आणि दुसरीकडे 17,160 असेल, तर चहा खरोखरच दोनदा झाला आहे. शिल्लक रकाना वगळून केलेली डुप्लिकेटची सफाई मला म्हणूनच धोकादायक वाटते.

तपशिलाचे मात्र या गणिताला काही कळत नाही. लांबलचक यूपीआय तपशील दोन-तीन ओळींत मोडतो आणि कधी त्याची शेपटी पुढच्या पानावर, `B/F` च्या खाली जाऊन पडते. त्या ओळीत तारीख नसते, रक्कम नसते, शिल्लकही नसते, म्हणून ती मागच्या पानावरच्या शेवटच्या व्यवहाराला जोडायची. फक्त तारीख नाही एवढ्यावरून निर्णय घेऊ नये, कारण काही उताऱ्यांत दिवसाच्या पहिल्याच व्यवहारापुढे तारीख छापतात. आणि शेपटी चुकीच्या व्यवहाराला चिकटली तरी सगळी शून्ये जागच्या जागीच राहतात. ते सांधे डोळ्यांनीच तपासावे लागतात, सुदैवाने तीन पानांत ते दोनच असतात.