परस्परसंमतीने घटस्फोट

पती-पत्नी दोघांनी मिळून एकच अर्ज करून, कोणावरही दोषारोप न ठेवता, न्यायालयाकडून विवाहविच्छेदाचा हुकूमनामा मिळवण्याची पद्धत. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये (कलम २८) ही तरतूद सुरुवातीपासून होती. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये ती १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३ ब म्हणून आली. पुढील विवेचन मुख्यतः या कलमाचे आहे. पुणे शहरातले असे अर्ज शिवाजीनगर येथील कौटुंबिक न्यायालयात दाखल होतात.

अर्जापूर्वी दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. वेगळे राहणे म्हणजे वेगळ्या घरांत राहणे असे नव्हे. घर एकच असले तरी पती-पत्नी म्हणून सहजीवन उरलेले नसेल, तर ही अट पूर्ण होते (सुरेष्टा देवी वि. ओम प्रकाश, सर्वोच्च न्यायालय, १९९१). घरभाड्यामुळे किंवा मुलांच्या शाळेमुळे एकाच फ्लॅटमध्ये राहिलेल्या जोडप्यांना हा अर्थ फार उपयोगी पडतो.

अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांच्या आत नाही आणि अठरा महिन्यांनंतर नाही, अशा काळात दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन हुकूमनाम्याची मागणी करावी, असे पोटकलम (२) सांगते. मधल्या काळात संमती मागे घेता येते का, हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. संमती अर्जाच्या दिवशीच पाहायची, नंतर एकट्याला माघार घेता येणार नाही, असे मत मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिले होते. सुरेष्टा देवी प्रकरणात ते अमान्य झाले: संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे. अशोक हुर्रा प्रकरणात (१९९७) या निर्णयाच्या व्यापकतेविषयी शंका व्यक्त झाली. तथापि स्मृती पहाडिया प्रकरणात (२००९) तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १९९१ चेच मत उचलून धरले आणि गैरहजेरीवरून संमती गृहीत धरता येत नाही, असेही स्पष्ट केले. हेच मत कलमाच्या शब्दांना अधिक धरून आहे.

सहा महिने माफ होऊ शकतात. अमरदीप सिंग वि. हरवीन कौर (१२ सप्टेंबर २०१७) या निकालानुसार ही मुदत निर्देशात्मक आहे, बंधनकारक नाही. मात्र वेगळे राहण्याचे एक वर्ष आणि हे सहा महिने, असे दीड वर्ष अर्जापूर्वीच उलटलेले असावे, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा आदी प्रश्न खरोखर मिटलेले असावेत, अशा कसोट्या त्यात दिल्या आहेत. माफीचा अर्ज मूळ अर्जानंतर एका आठवड्याने करता येतो.

समजा, कोथरूडचे एक जोडपे १० मार्च २०२३ पासून वेगळे राहत आहे आणि त्यांनी १५ एप्रिल २०२४ रोजी अर्ज केला. वर्षाची अट पूर्ण झाली, पण दीड वर्ष झालेले नाही, म्हणून माफी मिळण्याची खात्री नाही. ती न मिळाल्यास त्यांना १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत थांबावे लागेल. हाच अर्ज सप्टेंबरच्या मध्यानंतर केला असता, तर माफीची बाजू भक्कम झाली असती. अर्जाची तारीख ठरवताना हा हिशेब सहसा कोणी करत नाही.

समझोत्याच्या अटींत एकरकमी पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा व भेटीचे दिवस, घर आणि परस्परांवरील खटले यांचा निकाल लागलेला असावा. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा निर्वाहाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. रक्कम बहुधा टप्प्यांनी देतात: काही अर्जाच्या वेळी, उरलेली अंतिम जबाबाच्या वेळी.

विलंब बहुतेकदा घरावरून होतो. वरील जोडप्याचा वाकडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि गृहकर्जही दोघांचे आहे. पत्नी हिस्सा सोडणार, हे अटींत लिहिल्याने बँक बांधली जात नाही. पतीच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नसेल, तर बँक पत्नीला सहकर्जदार म्हणून मोकळे करत नाही. मग हक्कसोडपत्र नोंदवूनही हप्ता थकल्यास वसुली तिच्याकडूनही होते. म्हणून बँकेचे लेखी उत्तर अर्जापूर्वी हाती असावे. पत्नीच्या छळाबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८ अ खालील, किंवा १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खालील फिर्याद असेल, तर ती महाराष्ट्रात आपसांत मिटवता येत नाही. ती रद्द करून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागते. पैशाचा अखेरचा टप्पा आधी की फिर्याद रद्द होणे आधी, हा क्रम अटींत लिहिलेला नसेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात आणि अठरा महिने जवळ येतात.