कंबर नव्हे, खुबा

ठाण्यात वर्तकनगरच्या एका सोसायटीच्या गच्चीवर मी शाळकरी मुलांना व्यायाम शिकवते. डेडलिफ्टसाठी, म्हणजे वजनाचा बार जमिनीवरून उचलण्यासाठी, उतावीळ झालेल्या मुलांच्या हातात मी आधी मोपचा दांडा देते. सुरुवातीला मी त्यांना सांगायचे, "कमरेतून वाका." मुलं ते तंतोतंत ऐकायची आणि पाठीची कमान करायची. चूक माझ्या शब्दांची होती. आपण ज्याला कंबर म्हणतो तिथे मणके असतात. बिजागरी त्याच्या खाली, खुब्यात असते. वाकायचं तिथून.

दांडा पाठीवर उभा धरायचा. एक हात मानेमागे, दुसरा कमरेच्या खळग्यात. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर. गुडघे किंचित सैल सोडायचे आणि पाठीमागचं दार ढुंगणाने ढकलावं तसं मागे जायचं. नडग्या जवळजवळ उभ्याच राहतात. गुडघे पुढे पळाले तर ती बैठक झाली.

या वयात उंची वर्षाला 8-9 सेंटिमीटरनेही वाढू शकते, त्यामुळे पाठ सरळ आहे की नाही हे मुलांना आतून नीट कळत नाही. दांडा ते लगेच सांगतो. मान वर केली की वरचा स्पर्श बिघडतो, कंबर जास्त आत ओढली की खळग्यातला हात सैल पडतो. सगळ्यात महत्त्वाची खूण खालची: पाठ गोल झाली की दांडा माकडहाडाच्या वरच्या हाडापासून सुटतो.

नववीतल्या एका कबड्डीपटूचा दांडा, हात खाली सोडले तर गुडघ्यापर्यंत येतील इतकं वाकण्याआधीच सुटत होता. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जातात. ते पुरते ताणले गेले की ओटीपोटाचं हाड पुढे कलायचं थांबतं आणि उरलेलं वाकणं पाठ करते. मी त्याला गुडघे थोडे आणखी वाकवायला लावले. स्नायूला ढील मिळाली आणि दांडा टेकलेला राहिला. म्हणजे हालचाल त्याला समजली होती, फक्त स्नायू अपुरा पडत होता. तरीही दांडा सुटला असता, तर मी त्याला भिंतीपासून वीतभर पुढे उभं करून ढुंगण भिंतीला लावायला शिकवलं असतं आणि रोज बोटभर पुढे सरकवलं असतं.

दांड्याला मर्यादा आहेत. तो फक्त आकार दाखवतो, ताकद नाही. पोक काढून चालणाऱ्या मुलाचं डोकं दांड्याला टेकत नसेल, तर ते जबरदस्तीने टेकवू नये. वजनाखाली पाठ कशी वागेल हेही त्यावरून कळत नाही.

तीन आठवड्यांनी या मुलाचा दांडा, सोडलेले हात गुडघ्याच्या किंचित खाली जातील इतकं वाकेपर्यंत टेकून राहू लागला. तो त्याहून खाली गेला की दांडा अजूनही सुटतो. म्हणून त्याचा पहिला रिकामा बार आम्ही जमिनीवर ठेवला नाही, तेवढ्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवला.