मांडणी-परिणाम

एखादी आकडेवारी लाभाच्या भाषेत सांगितली असता माणूस एक पर्याय निवडतो आणि तीच आकडेवारी हानीच्या भाषेत सांगितली असता त्याची निवड बदलते, या प्रवृत्तीला मांडणी-परिणाम म्हणतात. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ही संकल्पना प्रयोगांच्या आधारे मांडली.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण बार्बरा मॅकनील, ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळते. आपल्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला आहे असे समजून शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांपैकी एक उपचार निवडायला त्यांनी रुग्ण, डॉक्टर आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांना सांगितले. काहींना पुढील माहिती दिली होती: शस्त्रक्रिया झालेल्या १०० जणांपैकी ९० जण उपचाराच्या काळातून सुखरूप बाहेर पडतात, ६८ जण वर्षअखेर आणि ३४ जण पाच वर्षांनी हयात असतात, किरणोपचारात हेच आकडे १००, ७७ आणि २२ असे आहेत. इतरांना याच संख्यांचे उरलेले भाग सांगितले, म्हणजे शस्त्रक्रियेत १० जण उपचाराच्या काळातच दगावतात, वर्षअखेरपर्यंत ३२ आणि पाच वर्षांत ६६. किरणोपचारात अनुक्रमे एकही नाही, २३ आणि ७८. पहिल्या मांडणीत १८ टक्के लोकांनी किरणोपचार निवडला, तर दुसऱ्या मांडणीत ४४ टक्क्यांनी. अशी आकडेवारी रोज हाताळणारे डॉक्टरही या परिणामातून सुटले नाहीत, ही या अभ्यासातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे.

याचे कारण पहिल्या आकड्यात दडलेले आहे. शस्त्रक्रिया सुरुवातीला धोक्याची, पण पाच वर्षांचा विचार करता अधिक लाभाची आहे. ‘१०० ऐवजी ९० जण वाचतात’ हा फरक मनाला किरकोळ वाटतो. ‘एकही नाही’ आणि ‘१० मृत्यू’ यांतला फरक मात्र फार मोठा वाटतो, कारण शून्यापासून दूर जाणारी पहिली पावलेच मनाला सर्वाधिक जाणवतात आणि तेवढ्याच लाभापेक्षा हानी अधिक बोचते. त्यामुळे मृत्यूच्या भाषेत तात्काळ धोका ठळक होतो आणि दूरचा लाभ मागे पडतो.

या परिणामाला मर्यादाही आहेत. अर्विन लेविन आणि गॅरी गेथ यांच्या १९८८ च्या प्रयोगात ‘७५ टक्के चरबीविरहित’ म्हटलेला गोमांसाचा खिमा ‘२५ टक्के चरबीयुक्त’ म्हटलेल्या त्याच खिम्यापेक्षा सरस ठरला, परंतु प्रत्यक्ष चव घेतलेल्यांच्या मतांत ही तफावत कमी झाली. शिवाय सर्वच मांडण्या खऱ्या अर्थाने समतुल्य नसतात: ६०० पैकी ‘२०० जण वाचतील’ असे ऐकणारा त्याचा अर्थ ‘निदान २००’ असा घेऊ शकतो, आणि उरलेल्या ४०० जणांचे काय होईल हे त्या वाक्यात सांगितलेलेच नसते. अशा ठिकाणी निवडीतला फरक भावनेमुळे पडला की माहिती अपुरी असल्यामुळे, हे वेगळे काढणे कठीण जाते.